छातीत जळजळ असताना वजनाचं ऑपरेशन: स्लीव्ह की बायपास, आणि ठरवायचं कसं

बेरिॲट्रिक म्हणजे वजनाच्या ऑपरेशनांच्या ओपीडीत येणाऱ्या बऱ्याच लोकांचं आधीच ठरलेलं असतं की स्लीव्हच, म्हणजे जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशनच करायचं, कारण ते सोपं वाटतं, आतड्याला हात लावत नाहीत, आणि ओळखीतल्या कुणीतरी तेच केलेलं असतं. मग बोलता बोलता कळतं की हे लोक गेली काही वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिड कमी करणारी पँटोप्राझोलची गोळी घेतायत, रात्री दोन उशा लावून झोपतात, आणि वाकलं की घशाशी आंबट येतं. हे सांगायचं असतं असंच त्यांना वाटत नाही, कारण "ॲसिडिटी तर सगळ्यांनाच असते, वजन उतरलं की जाईल". आणि गोची इथेच आहे. वजन उतरलं की पोटावरचा दाब कमी होतो आणि जळजळ कमी होते हे खरंच आहे, पण ते कुठल्या ऑपरेशनने उतरवलं यावर जळजळ जाणार की आयुष्यभर मानगुटीवर बसणार हे बऱ्यापैकी ठरतं.

हा लेख फक्त याच एका प्रश्नावर आहे. ऑपरेशन करावं की नाही, डाएट कसं असावं, हे विषय इथे नाहीत. ऑपरेशन करायचं नक्की आहे, वजन जास्त आहे, आणि जळजळ आहे, अशा माणसाने दोनातलं एक कसं निवडायचं एवढंच.

आधी आत काय होतं ते बघू

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे एक झडपेसारखी व्यवस्था असते. अन्ननलिकेच्या शेवटचा स्नायू, त्याला बाहेरून धरणारा छातीपोटातला पडदा म्हणजे डायफ्रॅम, आणि अन्ननलिका जठरात शिरताना होणारा टोकदार कोन, अशा तीन गोष्टी मिळून खालचं वर येऊ देत नाहीत. जठराचा डावीकडे वर फुगलेला भाग असतो, त्याला फंडस म्हणतात. जेवल्यावर हा सैल पडतो, अन्नाला जागा देतो आणि आतला दाब वाढू देत नाही.

स्लीव्हमधे नेमका हाच फंडस आणि जठराची बाहेरची बाजू काढून टाकतात, साधारण ७५ ते ८० टक्के जठर जातं आणि उरते एक अरुंद नळी. ही नळी बनवताना आत एक मार्गदर्शक नळी ठेवून तिच्या कडेने स्टेपल मारतात, ती बहुतेक वेळा ३६ ते ४० फ्रेंच म्हणजे जाडीला १२-१३ मिलीमीटर असते. आता विचार करा, वर दाब झेलणारा फंडस नाही, कोन बिघडलेला, आणि खाली जठराचं तोंड म्हणजे पायलोरस शाबूत, जो आपल्या वेळेनेच उघडतो. टूथपेस्टच्या ट्यूबचं एक तोंड बंद ठेवून ती दाबली तर माल जिकडे कच्चं असेल तिकडून बाहेर येतो, तसाच हा प्रकार, आणि इथे कच्ची बाजू वरची. त्यात उरलेल्या नळीत ॲसिड बनवणाऱ्या पेशी असतातच, म्हणजे ॲसिड कमी झालं तरी संपत नाही. नळी मधेच, जठराच्या वळणापाशी, थोडी जरी आवळली गेली तर वरचा दाब अजून वाढतो.

बायपासमधे, इथे मी रू-एन-वाय बायपासबद्दल बोलतोय, अन्ननलिकेखाली जठराचा एक छोटा कप्पा ठेवतात, १५ ते ३० मिली मावेल एवढा, आणि त्याला थेट लहान आतड्याची एक फांदी जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, पण अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतं. छोट्या कप्प्यात ॲसिड बनवणाऱ्या पेशी फारच थोड्या असतात, कप्प्याच्या खाली पायलोरसचा अडथळा नसतो त्यामुळे दाब साठत नाही, आणि पित्त व स्वादुपिंडाचा रस जिथे मिसळतो तो जोड बराच खाली, साधारण ७५ ते १५० सेंटीमीटरवर असतो, त्यामुळे पित्तही वर येत नाही. म्हणजे वजन उतरतं ते उतरतंच, शिवाय वर चढायला मालच उरत नाही. म्हणून जाड माणसाच्या रिफ्लक्सवर, म्हणजे जठरातलं अन्ननलिकेत वर चढण्यावर, बायपास हे नुसतं वजनाचं नाही तर रिफ्लक्सचंही ऑपरेशन समजलं जातं.

एक सूचना इथेच देतो. बायपास या एका शब्दाखाली दोन वेगळी ऑपरेशनं विकली जातात. मिनी बायपास किंवा वन ॲनास्टोमोसिस बायपास म्हणतात त्यात एकच जोड असतो आणि पित्त त्या जोडावरूनच पुढे जातं, त्यामुळे ते कप्प्यात आणि कधी अन्ननलिकेत चढू शकतं. पित्ताच्या जळजळीवर पीपीआयच्या, म्हणजे पँटोप्राझोलसारख्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या नीट चालत नाहीत. रिफ्लक्स असलेल्या माणसाला "बायपास करू" असं सांगितलं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा की कुठला, एक जोडाचा की दोन जोडांचा. खाली मी बायपास म्हणेन तेव्हा दोन जोडांचा.

आकडे काय सांगतात

दोन चांगल्या ट्रायल आहेत जिथे लोकांना चिठ्ठी टाकल्यासारखं कुठल्यातरी एका ऑपरेशनला घातलं आणि मग वर्षानुवर्षं पाहिलं. स्वित्झर्लंडमधल्या एसएम-बॉस ट्रायलचे ५ वर्षांचे निकाल २०१८ साली आले. ज्यांना आधीपासून रिफ्लक्स होता त्यांच्यात बायपासनंतर साधारण ६० टक्के लोकांचा रिफ्लक्स गेला, स्लीव्हनंतर २५ टक्के लोकांचाच. आणि वाढला किती जणांचा तर बायपासमधे ६ टक्क्यांच्या आसपास, स्लीव्हमधे जवळजवळ ३२ टक्के. म्हणजे रिफ्लक्स घेऊन स्लीव्ह करायला गेलात तर जळजळ बरी होण्यापेक्षा वाढण्याची शक्यता थोडी जास्तच.

दुसरी फिनलंडची स्लीव्हपास ट्रायल, तिचे १० वर्षांचे निकाल २०२२ चे. १० वर्षांनी एंडोस्कोपी केली तर स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला जखमा, बायपासवाल्यांपैकी ७ टक्के. बॅरेट्स म्हणजे अन्ननलिकेचं अस्तर बदलणं, ज्यातून पुढे क्वचित कॅन्सर होतो, ते मात्र दोन्हीकडे ४ टक्केच निघालं. हे मुद्दाम सांगतोय कारण "स्लीव्ह केलं की कॅन्सर होतो" असं जे पसरवलं जातं तेवढी वाईट परिस्थिती या ट्रायलमधे तरी दिसली नाही, जरी दुसरीकडच्या काही अभ्यासांमधे बॅरेट्सचं प्रमाण याहून बरंच जास्त सापडलेलं आहे. वजनाचा फरक आहे पण प्रचंड नाही, १० वर्षांनी अतिरिक्त वजनापैकी स्लीव्हने साधारण ४४ टक्के उतरलेलं होतं आणि बायपासने साधारण ५१.

त्यामुळे माझं मत असं की रिफ्लक्स असलेल्या माणसाने वजनाच्या तुलनेत फार डोकं घालू नये. निर्णय अन्ननलिका करते.

पायरी १: तक्रार नीट मांडा, पण तेवढ्यावर ठरवू नका

डॉक्टरकडे जायच्या आधी आठवडाभर लिहून काढा. छातीच्या मधोमध जळतं का, आंबट किंवा कडू पाणी तोंडात येतं का, आठवड्यात किती वेळा, झोपेतून उठवतं का, वाकल्यावर वाढतं का, गोळी चुकली तर किती दिवसांत परत सुरू होतं, आणि घास अडकल्यासारखा वाटतो का. हा शेवटचा प्रश्न वेगळा आहे. घास अडकत असेल तर अन्ननलिकेची हालचाल बिघडलेली असू शकते किंवा ती आतून आवळलेली असू शकते, आणि ते पाहिल्याशिवाय कुठलंच ऑपरेशन करू नये.

पण तक्रारीवर भरवसा किती ठेवायचा? फार नाही. भरपूर जळजळ सांगणाऱ्या काही लोकांच्या अन्ननलिकेत ॲसिड मोजलं तर नॉर्मल निघतं, आणि काही जण म्हणतात मला काहीच त्रास नाही, त्यांच्या एंडोस्कोपीत जखमा दिसतात. "मला ॲसिडिटी नाही" या एका वाक्यावर स्लीव्ह करून टाकणं किंवा "मला खूप ॲसिडिटी आहे" यावरून सरळ बायपास करणं, दोन्ही अर्धवट काम.

पायरी २: एंडोस्कोपी, आणि रिपोर्टात काय शोधायचं

ऑपरेशनच्या आधी दुर्बीण घालून तपासणी व्हायलाच हवी. काही ठिकाणी तक्रार नसेल तर करत नाहीत, पण रिफ्लक्स असलेल्याने हट्ट धरायचा. आणि एक गोष्ट बहुतेक पेशंटना कुणी सांगत नाही, पीपीआय चालू असताना केलेली एंडोस्कोपी स्वच्छ दिसली तर त्यातून फारसं सिद्ध होत नाही, कारण गोळीने जखमा भरलेल्या असतात. रिफ्लक्स आहे की नाही हे ठरवण्यासाठी एंडोस्कोपी करायची असेल तर २ ते ४ आठवडे गोळी बंद ठेवून केलेली चांगली, अर्थात डॉक्टरला विचारूनच, रक्तस्राव वगैरे झालेला असेल तर असं बंद करत नाहीत.

रिपोर्ट हातात आला की या गोष्टी बघा.

जखमांची ग्रेड. लॉस एंजेलिस ग्रेड ए ते डी असते. ए म्हणजे ५ मिलीमीटरपेक्षा छोट्या रेघा, आणि अशा रेघा ठणठणीत लोकांतही कधीकधी दिसतात म्हणून ए ला पक्का पुरावा मानत नाहीत. सी आणि डी म्हणजे रिफ्लक्स शंभर टक्के आहे, तिथे स्लीव्हचा विचार सोडून द्यायचा. बी मधे नेहमीच्या तक्रारी असतील आणि गोळीने फरक पडत असेल तर पुरावा पुरेसा.

बॅरेट्स आहे का. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सॅमन रंगाचं अस्तर वर चढलेलं दिसलं तर बायोप्सी घेतात. बायोप्सीत बॅरेट्स पक्कं झालं तर बहुतेक सर्जन स्लीव्ह करत नाहीत, आणि बरोबर करतात. बायपासनंतर काहींचं बॅरेट्स मागे हटलेलं पाहिलं गेलंय.

हायटल हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला. किती सेंटीमीटर ते लिहिलेलं असावं. १-२ सेंटीमीटरचा हर्निया जाड माणसात खूप कॉमन आहे, तो ऑपरेशनच्या वेळी मागून टाके घालून दुरुस्त करतात. पण मोठा हर्निया दुरुस्त करून त्यावर स्लीव्ह बसवली तर ती अरुंद नळीच पुढे छातीत सरकू शकते, आणि मग जळजळ फार वाईट होते.

चौथी गोष्ट एच. पायलोरी, म्हणजे जठरात राहणारे एक प्रकारचे जंतू. ही रिफ्लक्सची नाही, पण बायपास होणार असेल तर महत्त्वाची, कारण बायपासनंतर बाजूला पडलेल्या जठरात साधी दुर्बीण पोचतच नाही. जे बघायचं आणि जे बरं करायचं ते आधीच.

पायरी ३: पीएच टेस्ट कधी लागते

एंडोस्कोपी स्वच्छ किंवा ग्रेड ए आहे, पण तक्रारी आहेत, असे लोक सगळ्यात जास्त गोंधळात पडतात. इथे २४ तासांची पीएच टेस्ट कामाला येते. नाकातून एक बारीक वायर अन्ननलिकेत सोडतात, तिला कंबरेला एक छोटं यंत्र जोडलेलं असतं, आणि तुम्ही घरी जाऊन नेहमीसारखं खायचं झोपायचं, जळजळ झाली की बटण दाबायचं. गोळी ७ दिवस आधी बंद. कंटाळवाणं आहे, घशात सारखं काहीतरी टोचतं, पण दुखत नाही.

रिपोर्टात एक आकडा मुख्य असतो, अन्ननलिकेत पीएच ४ च्या खाली किती टक्के वेळ होता. ४ टक्क्यांच्या खाली असेल तर नॉर्मल. ६ च्या वर असेल तर रिफ्लक्स सिद्ध, ६ टक्के म्हणजे २४ तासांत साधारण ८६ मिनिटं अन्ननलिका ॲसिडमधे होती. मधला ४ ते ६ चा पट्टा धूसर, तिथे हर्निया किती, एंडोस्कोपीत काय, असं मिळून ठरवतात.

त्याच वेळी मॅनोमेट्री म्हणजे अन्ननलिकेच्या दाबाची टेस्ट बहुतेक करतातच, कारण पीएचची वायर कुठे ठेवायची ते तिच्यावरून कळतं. ती एक मोठी चूक वाचवते, ॲकलेशिया नावाच्या आजारात अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडतच नाही, अन्न वर सडतं आणि जळजळीसारखंच वाटतं, लोक वर्षानुवर्षं ॲसिडिटी म्हणून गोळ्या खातात.

पायरी ४: बायपास नको म्हणायची खरी कारणं

आतापर्यंत वाचून वाटेल की रिफ्लक्स असेल तर डोळे झाकून बायपास. तसं नाही, बायपासची किंमत आहे आणि ती कुणी कमी लेखू नये.

सगळ्यात मोठा मुद्दा पेनकिलरचा. कप्पा आणि आतडं जिथे जोडलंय तिथे अल्सर होऊ शकतो, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक जातीच्या गोळ्या व तंबाखू हे त्याचे दोन मोठे शत्रू. ज्याला सांध्यांच्या किंवा पाठीच्या आजारासाठी या गोळ्या कायम लागणार आहेत, पर्यायच नाही, त्याला बायपास देताना सर्जन विचार करतो. सिगारेट ओढणाऱ्याला आधी सोडायला लावतात आणि नंतर परत सुरू केली तर अल्सर जवळजवळ मागून घेतल्यासारखा.

क्रोन्ससारखा आतड्याचा आजार असेल तर आतड्याची जोडाजोड टाळलेली बरी. अवयव ट्रान्सप्लांटच्या गोळ्या चालू असतील तर त्या शोषल्या जाण्याची भानगड होते. जठराच्या कॅन्सरचा घरात जवळचा इतिहास असेल तर बाजूला पडलेलं जठर तपासता न येणं हा खरा तोटा आहे. आणि आयुष्यभर लोह, बी१२, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी घेणं आणि दरवर्षी रक्त तपासणं हे ज्याच्याकडून होणारच नाही त्यानेही प्रामाणिकपणे सांगावं, स्लीव्हमधेही हे लागतं पण बायपासमधे चुकवलं तर जास्त महागात पडतं.

मग अशा माणसाने काय करायचं? रिफ्लक्स हलका असेल, पीएच टेस्ट नॉर्मल किंवा धूसर पट्ट्यात असेल, हर्निया छोटा असेल, तर हर्निया दुरुस्त करून स्लीव्ह हा चालण्यासारखा तडजोडीचा मार्ग आहे. फक्त हे माहीत असू द्या की हर्निया दुरुस्त केल्याने काहींना फायदा होतो, सगळ्यांना नाही. आणि रिफ्लक्स जोरदार असेल पण बायपासही नको असेल तर उत्तर सोपं नाही, तिथे वजनाची औषधं, ऑपरेशन पुढे ढकलणं, हे पर्याय टेबलावर यायला हवेत.

आणखी एक गोष्ट जी निर्णयाच्या वेळी हमखास राहून जाते. रिफ्लक्सचं नेहमीचं ऑपरेशन, फंडोप्लिकेशन, त्यात फंडस अन्ननलिकेभोवती गुंडाळून झडप बनवतात. स्लीव्हमधे फंडसच काढून टाकलेला असतो. म्हणजे स्लीव्हनंतर जळजळ बळावली तर ते नेहमीचं ऑपरेशन करायला कापडच शिल्लक नसतं, आणि बहुतेक वेळा पुढचा रस्ता बायपासकडेच जातो. "आधी स्लीव्ह करू, नाही जमलं तर बघू" म्हणणाऱ्याने हे धरून चालावं.

एक केस पूर्ण बघू

समजा ४१ वर्षांच्या एक बाई आहेत. उंची १६० सेंटीमीटर, वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय साधारण ४४. डायबेटिस दोन वर्षांपासून, एका गोळीवर. जळजळ पाच वर्षांपासून, गेली दोन वर्षं रोज पँटोप्राझोल ४०, गोळी दोन दिवस चुकली की तिसऱ्या रात्री झोप नाही. घास अडकत नाही. गुडघे दुखतात, अधूनमधून पेनकिलर घेतात. सिगारेट तंबाखू नाही. म्हणणं एकच, "आतडं कापायचं नाही, स्लीव्ह करा."

दोन आठवडे गोळी बंद ठेवून एंडोस्कोपी केली. ग्रेड बी जखमा, ३ सेंटीमीटरचा हायटल हर्निया, बॅरेट्स नाही, एच. पायलोरी पॉझिटिव्ह. आता नेहमीची तक्रार, गोळीने बरं वाटणं, आणि ग्रेड बी, एवढं एकत्र आल्यावर रिफ्लक्स सिद्ध करायला पीएच टेस्टची गरज उरली नाही. पीएच टेस्ट करून अजून एक आकडा मिळाला असता, निर्णय बदलला नसता.

इथे स्लीव्हच्या विरोधात तीन गोष्टी एकदम उभ्या आहेत: सिद्ध झालेला रिफ्लक्स, ३ सेंटीमीटरचा हर्निया, आणि गोळी सोडता न येणं. वर डायबेटिस आहे, तिथेही बायपासचं पारडं थोडं जड. बायपासच्या विरोधात काय आहे? गुडघे. म्हणून खरी चर्चा आतडं कापण्यावर नाही तर गुडघ्यांवर व्हायला हवी. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, लावायचं मलम, फिजिओथेरपी यावर त्या निभावू शकतील का? ३०-३५ किलो उतरल्यावर गुडघ्यांचं दुखणं बहुतेकांचं कमी होतं, आणि त्यांना पेनकिलर रोज नाही तर कधीतरीच लागत होती. मग बायपास.

आधी एच. पायलोरीचा १४ दिवसांचा कोर्स, तो संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी आणि पीपीआय दोन आठवडे बंद ठेवून श्वासाची टेस्ट, जंतू गेले हे पक्कं. मग बायपास, त्याच वेळी हर्नियाची दुरुस्ती. ऑपरेशननंतर पीपीआय लगेच बंद करत नाहीत, साधारण ३ महिने ठेवतात, पण ती जळजळीसाठी नाही तर जोडावर अल्सर होऊ नये म्हणून. हे पेशंटला सांगितलं नाही तर ती म्हणते, बघा अजून गोळी चालूच, काही उपयोग झाला नाही.

आठव्या महिन्यात समजा त्या परत आल्या, म्हणाल्या परत ॲसिडिटी सुरू झाली. नीट विचारलं तर जळजळ छातीत नाही, बरगड्यांच्या खाली मधोमध आहे, जेवल्यावर टोचतं, आंबट पाणी येत नाही. आणि लग्नसराईत उभं राहून गुडघे दुखले म्हणून दोन आठवडे डायक्लोफेनॅक खाल्ली होती. हा रिफ्लक्स परत आलेला नाही, हा जोडावरचा अल्सर आहे जोवर एंडोस्कोपी नाही म्हणत नाही. उपचार म्हणजे पेनकिलर कायमची बंद, पीपीआय जास्त डोसमधे काही महिने, कॅप्सूल असेल तर ती उघडून आतले दाणे घ्यायचे कारण छोट्या कप्प्यातून अख्खी कॅप्सूल विरघळायच्या आतच पुढे सटकते आणि उघडून घेतली तर अल्सर लवकर भरतो. मग अल्सर भरला का ते बघायला परत एंडोस्कोपी.

बायपासनंतर जळजळ किंवा दुखणं आलं तर

बायपासनंतर खरा रिफ्लक्स परत येणं कमी, पण होतं. कप्पा मोठा ठेवला गेला असेल किंवा हर्निया राहून गेला असेल तर होऊ शकतं, आणि क्वचित कप्पा आणि बाजूचं जठर यांच्यात भोक पडून ॲसिड परत कप्प्यात येतं, अशा वेळी वजनही चढायला लागतं. त्यामुळे बायपासनंतरच्या कुठल्याही नव्या जळजळीला एंडोस्कोपी, नुसती गोळी नाही.

आणि एक दुखणं असं आहे ज्याला कधीच ॲसिडिटी म्हणायचं नाही. वजन बरंच उतरल्यावर, कधी वर्ष दोन वर्षांनी, अचानक पोटात पीळ पडल्यासारखी जोरदार कळ, कधी पाठीकडे जाणारी, उलटी होते किंवा होत नाही. आतड्याची फांदी जोडताना जी फट राहते तिच्यात आतडं अडकलेलं असू शकतं, इंटर्नल हर्निया म्हणतात. अँटासिड पिऊन सकाळची वाट बघायची नाही, इमर्जन्सीत जायचं, बायपास झालाय हे पहिलं सांगायचं, सीटी स्कॅन करायचा, आणि स्कॅन नॉर्मल आला तरी कळ थांबत नसेल तर सर्जनने पोटाला छोटी भोकं पाडून दुर्बिणीने आत बघायला हवं. गरोदरपणात तर अजूनच सावध.

स्लीव्ह आधीच झालीय आणि जळजळ होतेय, तर

पहिल्या काही आठवड्यांची जळजळ सूज उतरली की बऱ्याच जणांची कमी होते, तेव्हा पीपीआय देऊन थांबणं ठीक. पण तीन-चार महिन्यांनंतरही गोळीशिवाय भागत नसेल तर शोधायला लागायचं. घट्ट खाल्लं की अडकतं, फेसाळ उलटी होते, पातळ मात्र जातं, असं असेल तर नळी मधे आवळलीय का बघायचं, त्यासाठी बेरियम पिऊन एक्स-रे आणि एंडोस्कोपी दोन्ही लागतात, कारण नळी पीळ पडून वळली असेल तर दुर्बीण कधीकधी त्यातून आरामात जाते आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. आवळलेली असेल तर फुग्याने रुंद करून बघतात, कधी दोन-तीनदा.

आवळलेली नाही, हर्निया दिसतोय, गोळी दुप्पट करूनही रात्र जात नाही किंवा एंडोस्कोपीत ग्रेड सी, डी किंवा बॅरेट्स आलंय, तर स्लीव्हचं बायपासमधे रूपांतर हा ठरलेला मार्ग. बहुतेकांची जळजळ त्याने चांगली कमी होते. पण दुसऱ्यांदा केलेलं ऑपरेशन पहिल्यापेक्षा जास्त जोखमीचं असतं, आणि ते जळजळीसाठी केलं तर वजनात त्यातून फार अपेक्षा ठेवू नये, थोडंफार उतरतं.

आणि ज्यांची स्लीव्ह झालीय पण काहीच त्रास नाही त्यांनीही गप्प बसायचं नाही, कारण स्लीव्हनंतर तक्रार नसताना अन्ननलिकेत जखमा सापडतात. जगभरातल्या बेरिॲट्रिक सर्जनची संघटना इफ्सो हिने सांगितलंय की ऑपरेशननंतर एका वर्षाने एंडोस्कोपी सगळ्यांनीच करावी, आणि स्लीव्ह किंवा एक जोडाचा बायपास झालेल्यांनी त्यानंतर दर २ ते ३ वर्षांनी. त्या एंडोस्कोपीच्या आधी पीपीआय चालू होती की बंद हे रिपोर्टवर लिहून घ्या, पुढच्या वेळी तुलना करताना तेच लागतं.